स्प्रिंगचा k कोणता लिहायचा आणि रेषा कुठे संपली हे कशावरून सांगायचं?

प्रश्न: बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. स्प्रिंगला ५०-५० ग्रॅमने ५५० ग्रॅमपर्यंत वजन लावलं. वाढ मिमीमध्ये अशी आली: ०, ६.५, २४.५, ४४, ६३.५, ८४, १०४.५, १२३.५, १४४, १६६, १९१, २१७.५ (पहिलं ० ग्रॅमचं). एक्सेलमध्ये रेषा शून्यातून नेली तर k २६.५ येतो, मोकळी सोडली तर २४.२ आणि R² ०.९९४. नक्की कोणता लिहायचा? सर म्हणतात लिनिअर रीजन कुठे संपतो तेही लिहा, पण मला तर सगळंच सरळ दिसतंय. वजन उतरवतानाची रीडिंग जुळली नाहीत (४०० ला १५७.५, १०० ला ३७.५), पण शेवटी पॉइंटर १ मिमीच्या आत शून्यावर आला. म्हणजे स्प्रिंग ठीक आहे असं धरून ती खोडली.

उत्तर:

आधी ती खोडलेली रीडिंग वहीत परत लिहा. तुमच्या सगळ्या प्रयोगात सर्वांत जास्त माहिती तीच देतात. का ते शेवटाकडे येईलच.

k म्हणून २६.५ लिहू नका आणि २४.२ ही लिहू नका. दोन्ही आकडे एकच गोष्ट गृहीत धरून आले आहेत, की शून्यापासून ५५० ग्रॅमपर्यंत स्प्रिंग एकाच नियमाने वागली. तुमची स्प्रिंग तीन वेगवेगळ्या प्रकारांनी वागली आहे आणि k फक्त मधल्या भागाला आहे. त्यामुळे k किती आणि रेषा कुठे संपते हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. कुठून कुठपर्यंत हे ठरल्याशिवाय k ठरत नाही.

हे आलेखाकडे बघून कळत नाही, म्हणून तुम्हाला सगळं सरळ दिसलं. २१७ मिमीची वाढ आलेखाच्या एका पानावर मावली की दोन मिमीचा फरक पेन्सिलीच्या ठिपक्यात लपतो. मी प्रॅक्टिकल घेताना मुलांना आलेखाच्या आधी एक साधा रकाना करायला लावते: प्रत्येक ५० ग्रॅमला वाढ किती झाली? तुमच्या आकड्यांचा तो रकाना असा येतो: ६.५, १८, १९.५, १९.५, २०.५, २०.५, १९, २०.५, २२, २५, २६.५. मोजपट्टीवर अर्ध्या मिमीपर्यंत वाचताना दोन रीडिंगच्या वजाबाकीत एखाद्या मिमीची हालचाल होणारच, त्यामुळे १९ आणि २०.५ मधला फरक मी सोडून देते. पण सुरुवातीचे ६.५ आणि १८ कमी आहेत आणि शेवटचे २२, २५, २६.५ वाढतच गेले आहेत. वाचनातली चूक कधी वर जाते, कधी खाली. एकाच दिशेने चढत जाणारे आकडे स्प्रिंगमधूनच आलेले असतात.

आता पहिलं टोक. मी तुमची स्प्रिंग पाहिलेली नाही, पण ती वेढ्याला वेढा चिकटलेली, पूर्ण मिटलेली असणार. अशी स्प्रिंग वळतानाच तारेला थोडा पीळ देऊन वेढे एकमेकांवर दाबून बसवतात. तो दाब सुटेपर्यंत स्प्रिंग जवळजवळ उघडतच नाही. सगळे वेढे एकदम सुटतही नाहीत. काही आधी उघडतात, काही मागाहून, म्हणून ५० ग्रॅमपाशी आलेखाला गोलाई येते. या स्प्रिंगसाठी F = kx हे सूत्र तसंच्या तसं लागू नाही. F = F₀ + kx हे लागू आहे, आणि F₀ म्हणजे वेढे उघडायला लागणारं बल. रेषा शून्यातून जबरदस्तीने नेली की F₀ चा सगळा भार k वर पडतो आणि k फुगतो. तुमचा २६.५ तिथूनच आला. स्प्रिंग मुळातच मोकळ्या वेढ्यांची असेल, तर मात्र ही गोलाई दिसायला नको. मग हँगर कुठे टेकतोय का, किंवा शून्याचं रीडिंग घेताना पॉइंटर अडकला होता का, ते तपासावं लागेल.

मोकळ्या रेषेचा २४.२ खऱ्या उत्तराच्या जवळ आहे, पण तो योगायोग आहे. डावीकडचे बिंदू k वर ओढतात, उजवीकडचे खाली ओढतात, आणि दोन चुकांनी एकमेकींना बरंचसं खोडलं. पहिले दोन बिंदू काढून १०० ते ५५० ग्रॅमला रेषा बसवून बघा. R² ०.९९४ वरून ०.९९८ वर जाईल, आणि k मात्र २३.२ होईल, म्हणजे पाच टक्क्यांहून जास्त चुकलेला. R² सुधारला आणि उत्तर बिघडलं. कारण R² एवढंच सांगतो की वजन वाढलं तशी वाढ वाढली, आणि ते तर कुठल्याही स्प्रिंगमध्ये होतंच. रेषा खरंच सरळ आहे का, हे त्यातून कळत नाही.

मग भाग कसा निवडायचा? इथे एक चक्र आहे. रेषा बसवायला भाग हवा, आणि भाग ठरवायला रेषेपासूनचा फरक हवा. मी मधून बाहेर जाते. तुमच्या रकान्यात १५० ते ३५० ग्रॅमपर्यंत कोणालाही शंका येणार नाही, म्हणून पहिली रेषा फक्त त्या पाच बिंदूंची. ती दर ५० ग्रॅमला २०.० मिमी देते. ती दोन्हीकडे लांबवायची आणि पुढच्या बिंदूला विचारायचं, तू या रेषेवर आहेस का? ४०० ग्रॅमला रेषा १४३.९ सांगते, तुमचं रीडिंग १४४. १०० ग्रॅमला रेषा २३.९ सांगते, रीडिंग २४.५. दोन्ही आत घेतले. ४५० ला रेषा १६३.९ म्हणते आणि तुम्हाला मिळाले १६६. ५० ला ती ३.९ म्हणते आणि मिळाले ६.५. दोन मिमीहून जास्त फरक, आणि मधले बिंदू तर अर्ध्या मिमीच्या आसपासच हलताहेत. इथे थांबायचं.

आता १०० ते ४०० ग्रॅमच्या सात बिंदूंची शेवटची रेषा. वजनं तुम्ही ठरवून लावलीत आणि चूक मुख्यतः वाढ वाचण्यात होते, म्हणून वाढ y वर आणि बल x वर घ्या, मग उलटा करून k काढा. B रकान्यात बल न्यूटनमध्ये, C मध्ये वाढ मिमीमध्ये आणि दुसऱ्या ओळीत शून्य ग्रॅम असेल, तर असं:

```
=SLOPE(C4:C10, B4:B10)
=INTERCEPT(C4:C10, B4:B10)
=STEYX(C4:C10, B4:B10)
```

महाराष्ट्रात g ९.८१ नाही, ९.७९ च्या जवळ आहे. फरक ०.२ टक्के आहे, पण फुकट मिळणारी अचूकता का सोडायची? उतार येतो ४०.७५ मिमी प्रति न्यूटन, म्हणजे k = १००० ÷ ४०.७५ = २४.५ न्यूटन प्रति मीटर. तिसरं सूत्र ०.४३ मिमी देतं. बिंदू रेषेभोवती साधारण किती हलतात, त्याचं ते माप. दुसऱ्याचं उत्तर −१५.७ मिमी. त्याला उताराने भागलं की F₀ मिळतो, ०.३९ न्यूटन. म्हणजे सुमारे ४० ग्रॅमपर्यंत ही स्प्रिंग मिटलेलीच राहू पाहते.

प्रत्येक बिंदूवर रीडिंगमधून रेषा वजा करा आणि जे उरेल ते लिहा. मधले सात: +०.३, −०.१, −०.६, ०, +०.६, −०.४, +०.२. चिन्हं मिसळलेली आहेत आणि आकडे लहान आहेत, निरोगी रेषा अशीच दिसते. बाहेरचे: ५० ग्रॅमला +२.३, ४५० ला +२.२, ५०० ला +७.३, ५५० ला +१३.८. यांचा वेगळा आलेख काढा, फक्त उरलेल्या फरकाचा, आणि उभा अक्ष मोठा घ्या. मूळ आलेखात जे दिसलं नाही ते इथे ठळक दिसेल. ४५० चा बिंदू आत घेऊन बघितलंत तर ०.४३ चं ०.७९ होतं, आणि उरलेल्या फरकांत टोकांना अधिक, मध्ये बहुतेक उणे, असं नक्षीसारखं येतं. ही नक्षी दिसली की समजायचं, वाकलेल्या गोष्टीवर सरळ पट्टी ठेवली आहे.

एक शंका मात्र मनात यायला हवी. ४०० ते ४५० मधले २२ मिमी एखाद्या चुकीच्या वजनामुळे आले नसतील? असं होतं. मी पूर्वी जिथे शिकवत होते तिथल्या संचात ५० ग्रॅमचं एक खाचेचं वजन कडेला फुटलेलं होतं. तराजूवर ते ४८.६ भरलं. वर्षानुवर्षं मुलांच्या आलेखात एक छोटी पायरी यायची आणि आम्ही ती वाचनातली चूक समजून पुढे जायचो. एका मुलीने वजनांचा क्रम बदलून प्रयोग पुन्हा केला आणि पायरी त्या वजनाबरोबर सरकली, तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं. तपासायची रीत हीच. क्रम बदला. वाकणं वजनाबरोबर हललं तर दोष वजनाचा, एकाच एकूण बलाशी राहिलं तर स्प्रिंगचा. तुमच्या बाबतीत २२, २५, २६.५ असं ओळीने वाढलंय. तिन्ही वजनं जास्त भरली आणि तीही चढत्या क्रमाने, हे शक्य वाटत नाही. तरी वजनं तराजूवर घालून बघाच, k च्या अचूकतेला त्याचा उपयोग आहे.

आणि तुमच्याकडे याहून भक्कम पुरावा आहे. तो म्हणजे खोडलेली रीडिंग. उतरवताना ४०० ला १५७.५ आणि १०० ला ३७.५. सहा पायऱ्यांत १२० मिमी, म्हणजे एका पायरीला बरोबर २० मिमी. यातूनही k २४.५ च येतो! स्प्रिंगचा कडकपणा तसूभरही बदललेला नाही, सगळी रेषाच तेरा-साडेतेरा मिमीने सरकली आहे. आणि ५५० ग्रॅमला तुमचं रीडिंग रेषेपासून किती सुटलं होतं? १३.८. जेवढं सुटलं तेवढंच कायमचं राहिलं. ४०० ग्रॅमच्या पुढे कुठेतरी तार पिळाखाली न परतण्याइतकी सरकायला लागली. तारेचा लवचीक गुणधर्म तोच राहिला म्हणून उतार तोच, पण पिळाचा काही भाग तारेत कायमचा बसला.

मग पॉइंटर शून्यावर कसा आला? इथेच जवळपास सगळे फसतात. मिटलेल्या स्प्रिंगमध्ये कायमची वाढ आधी त्या F₀ मधून वजा होते. वेढे एकमेकांवर दाबून बसवायला जो पीळ दिला होता, तो जवळजवळ सगळा तुम्ही ताणताना खर्च केलात. ०.३९ न्यूटनचा F₀ म्हणजे वाढीच्या हिशोबात १५.७ मिमी. त्यातले तेरा-चौदा गेले. जे थोडं उरलं तेवढ्याने वेढे पुन्हा मिटले, आणि पॉइंटर शून्याजवळ येऊन थांबला. बाहेरून काही झालेलं दिसत नाही, आतून मात्र दाब संपलेला आहे. स्प्रिंग हातात घेऊन पाहा, मधले वेढे नखाने आधीपेक्षा सहज सुटतील. म्हणून अशा स्प्रिंगची परत येण्याची चाचणी शून्यावर घ्यायची नसते. वेढे नक्की उघडलेले असतील अशा एखाद्या वजनावर घ्यायची. तुमच्यासाठी १०० ग्रॅम ठीक. मोकळ्या वेढ्यांची स्प्रिंग असती तर शून्यावरची चाचणी चालली असती, तिथे लपायला जागा नाही.

यावरून दोन मर्यादा वेगळ्या लिहायला लागतात. एक, रेषा सरळ राहण्याची मर्यादा. दुसरी, परत येण्याची मर्यादा. बहुतेक धातूच्या स्प्रिंगमध्ये त्या जवळजवळ असतात, पण एकच नसतात, आणि त्यांचा पुरावाही वेगळा. पहिली चढवतानाच्या रीडिंगमधून मिळते. दुसरी मिळवायची तर प्रत्येक पायरीनंतर १०० ग्रॅमवर परत यायला हवं: ३०० लावा, १०० वर या, वाचा, ३५० लावा, पुन्हा १०० वर या. १०० चं रीडिंग मिमीभर सरकून परत येईनासं झालं की ती मर्यादा ओलांडली. तुम्ही एकदम ५५० वरून खाली आलात, त्यामुळे ती ओलांडली एवढं तुम्ही ठामपणे सांगू शकता, कुठे ओलांडली ते नाही. रेषेपासून सुटलेला फरक आणि राहिलेला फरक जुळतात, म्हणून ती ४०० च्या पुढेच असावी असा अंदाज देता येतो. तो अंदाज म्हणूनच लिहा.

वाकण्याची दिशाही बघायची असते. तुमच्या स्प्रिंगची वाढ अपेक्षेपेक्षा जास्त झाली, म्हणजे ती नरम पडली. उलट पुढची प्रत्येक पायरी लहान होत गेली असती, तर कारण निराळं असतं. खूप ताणल्यावर वेढ्यांचा व्यास कमी होतो आणि तार सरळ होऊ लागते, त्यामुळे स्प्रिंग कडक होते. त्यात काही बिघडत नाही, वजन काढलं की सगळं परत येतं. तिथेही रेषा संपतेच, फक्त संपण्याचा अर्थ वेगळा.

मर्यादा ‘४२५ ग्रॅम’ अशी एका आकड्यात लिहू नका. तुमच्याकडे ४०० आणि ४५० यांच्या मध्ये एकही रीडिंग नाही. शिवाय स्प्रिंग एखाद्या बिंदूवर खटकन बदलत नाही. अर्धा मिमी वाचणाऱ्याला ती जिथे वाकलेली दिसते, त्याच्या बरंच आधी सूक्ष्मदर्शकाने वाचणाऱ्याला दिसेल. म्हणून निकष लिहिलाच पाहिजे. मी सहसा रेषेभोवतीच्या हालचालीची तिप्पट घेते, म्हणजे तुमच्यासाठी सुमारे १.३ मिमी. एखादा वाढीच्या १ टक्का फरकाचा निकष घेईल. तुमच्या आकड्यांवर दोन्ही निकषांनी ४५० बाहेर जातो, त्यामुळे इथे वाद नाही. जिथे निकष बदलल्यावर उत्तर बदलतं, तिथे दोन्ही लिहावीत.

k ची अनिश्चितता आता सोपी आहे. एक्सेलचं LINEST उताराबरोबर त्याची त्रुटीही देतं. इथे ती ४०.७५ वर ०.१६ आहे, म्हणजे ०.४ टक्के. वजनं तुम्ही तपासली नसतील तर त्यांच्यासाठी मी अर्धा टक्का धरीन. दोन्हींचे वर्ग मिळवून मूळ काढलं की ०.६ टक्के, म्हणजे ०.२ च्या आत. स्प्रिंगचं स्वतःचं वजन आणि शून्याच्या रीडिंगमधली चूक यांनी उतार बदलत नाही, त्यांचा परिणाम फक्त F₀ वर होतो. म्हणून F₀ वर जास्त विश्वास टाकू नका.

वहीत मी असं लिहिलं असतं:

‘पहिल्यांदा वजन चढवताना, १०० ते ४०० ग्रॅम (०.९८ ते ३.९२ न्यूटन) या भागात k = २४.५ ± ०.२ न्यूटन/मीटर, F₀ सुमारे ०.३९ न्यूटन. या भागात रेषेपासून फरक ०.६ मिमीच्या आत. ०.४९ न्यूटनला वेढे पूर्ण उघडलेले नाहीत. रेखीय भागाचा वरचा शेवट ३.९२ आणि ४.४१ न्यूटनच्या मध्ये, निकष १.३ मिमी फरक, ४.४१ ला प्रत्यक्ष फरक २.२ मिमी. ५.३८ न्यूटनपर्यंत नेल्यावर १०० ग्रॅमला १३ मिमी कायमची वाढ. उतरवताना ४०० आणि १०० च्या रीडिंगवरून k २४.५.’

‘पहिल्यांदा’ हा शब्द गाळू नका. ४०० आणि ४५० च्या मधली रीडिंग घ्यायला उद्या हीच स्प्रिंग टांगलीत, तर ती ५५० च्या जवळपास सरळच जाताना दिसेल. एकदा ताणून सरकलेली तार पुन्हा सरकायला साधारण तेवढंच बल मागते, म्हणून मर्यादा पुढे गेल्यासारखी वाटते. k मात्र तोच येईल आणि F₀ जवळजवळ शून्य. मधला तपशील हवा असेल तर त्याच खोक्यातली न ताणलेली स्प्रिंग घ्या, ३५० पर्यंत ५० ने जा, पुढे १० ग्रॅमने, आणि दर पायरीला १०० वर परत या. या स्प्रिंगला ‘५५० ग्रॅमपर्यंत ताणलेली’ अशी चिठ्ठी बांधून ठेवा, नाहीतर पुढच्या तुकडीतल्या कुणाची तरी रेषा शून्यातून जाईल आणि का गेली ते त्याला कळणार नाही.